पिन बसते, दिवा लागतो, तरी चार्ज होत नाही: शेव्हर, ट्रिमर, ब्रश आणि स्पीकर

वडिलांच्या ट्रिमरचा ॲडॉप्टर हरवला तेव्हा खणातल्या वायरींच्या गुंत्यातून मी दुसरा एक शोधून काढला. पिन चपखल बसली, ट्रिमरचा लाल दिवा लागला, आणि मी तो रात्रभर तसाच लावून ठेवला. सकाळी ट्रिमर हातात धरवत नव्हता इतका तापला होता. खालच्या बाजूचं प्लास्टिक किंचित फुगलं होतं. त्यानंतर तो पूर्ण चार्ज करूनही दोन मिनिटांत बंद पडायचा. हरवलेल्या ॲडॉप्टरवर ५ व्होल्ट लिहिलेलं होतं, मी लावलेल्यावर ९. मी फक्त पिन बघितली होती, आकडा बघितलाच नव्हता.

शेव्हर, ट्रिमर, इलेक्ट्रिक टूथब्रश आणि ब्लूटूथ स्पीकर या चारही वस्तूंच्या बाबतीत हा प्रकार पुन्हा पुन्हा होतो. चौघांच्या आत पुन्हा चार्ज होणारे छोटे सेलच असतात. मग प्रत्येकाला वेगळा चार्जर का, आणि एकाचा चार्जर हरवला तर दुसऱ्याचा चालेल की नाही हे कसं ओळखायचं, ते एकदा नीट मांडतो.

चार्जर नेमका कुठे आहे?

भिंतीत खोचतो त्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो, पण बहुतेक वेळा तो फक्त वीज पुरवतो. सेलमध्ये किती करंट जाऊ द्यायचा, कधी थांबायचं, हे ठरवणारा भाग म्हणजे खरा चार्जर. मोबाइलमध्ये तो सगळा मोबाइलच्या आत असतो, म्हणून कुठलाही बरा ठोकळा चालून जातो. या छोट्या वस्तूंमध्ये मात्र प्रत्येक कंपनीने ते काम ठोकळा आणि वस्तू यांच्यात आपापल्या सोयीने वाटून घेतलेलं असतं. कुणी सगळं वस्तूत ठेवतं, कुणी अर्धं ठोकळ्यात, आणि कुणी चार्जिंगचं सर्किट टाळून करंट अडवणाऱ्या एका रेझिस्टरवर भागवतं. वाटणी वेगळी म्हणून व्होल्टेज वेगळं. आणि चुकीचं व्होल्टेज आत जाऊ नये म्हणून पिनही वेगळी केलेली असते.

वडिलांचा ट्रिमर उघडल्यावर ही वाटणी डोळ्यांनी दिसली. आत एकापुढे एक जोडलेले दोन निकेल मेटल हायड्राइड सेल, प्रत्येकी ६०० मिलिअँपिअर-तासांचे. सॉकेटपासून सेलपर्यंतच्या वाटेवर फक्त दोन गोष्टी: वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड आणि एक १५ ओहमचा रेझिस्टर. दिव्यासाठी वेगळा छोटा रेझिस्टर होता, तोही थेट सॉकेटवर जोडलेला. चार्ज पूर्ण झाल्यावर थांबवणारं काही नाही, तापमान बघणारं काही नाही.

आता हिशेब करू. मूळ ठोकळा ५ व्होल्टचा. डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट जातात. चार्ज होत असताना दोन सेल मिळून सुमारे २.८ व्होल्ट घेतात. उरले १.५ व्होल्ट, ते रेझिस्टरवर पडतात. १.५ भागिले १५ म्हणजे ०.१ अँपिअर, अर्थात १०० मिलिअँपिअर. या गतीने आठ तासांत ८०० मिलिअँपिअर-तास आत जातात. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, त्यामुळे ६०० चा सेल भरायला एवढे लागतातच. माहितीपत्रकात «आठ तास चार्ज करा» असं का लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. इथे घड्याळ बघून प्लग काढणाऱ्या माणसालाच चार्जरचं अर्धं काम दिलेलं होतं.

तिथे मी ९ व्होल्ट लावले. ९ वजा ०.७ वजा २.८ म्हणजे रेझिस्टरवर ५.५ व्होल्ट, आणि करंट जवळजवळ ३७० मिलिअँपिअर. व्होल्टेज दुपटीहूनही कमी वाढलं, पण करंट पावणेचार पट झाला, कारण वाढलेला प्रत्येक व्होल्ट त्या रेझिस्टरवरच पडला. त्यातली उष्णता ०.१५ वॉटवरून २ वॉटवर गेली, म्हणजे तेरापटीहून जास्त. सेल दोनेक तासांतच भरले आणि पुढे सकाळपर्यंत तोच करंट त्यांच्यातून जात राहिला. फुगलेलं प्लास्टिक ही त्याचीच खूण होती.

उलटी चूकही तितकीच होते आणि ती जास्त गोंधळात टाकते. याच ट्रिमरला ३ व्होल्टचा ठोकळा लावला, तर डायोडनंतर २.३ व्होल्ट उरतात. सेलला त्याहून जास्त हवे असतात, म्हणून आत काहीच जात नाही. दिवा मात्र लागतो, कारण तो थेट सॉकेटवर जोडलेला आहे. «दिवा लागतो, रात्रभर ठेवला, पण चार्ज नाही» ही तक्रार आली की मी आधी हेच तपासतो. अशा साध्या वस्तूंमध्ये दिवा फक्त एवढंच सांगतो की पिनपर्यंत वीज आली आहे. सेल भरतोय की नाही हे तो सांगत नाही.

ठोकळ्यावरचा आकडा कसा वाचायचा

ठोकळ्यावर आउटपुटसमोर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि मिलिअँपिअर. व्होल्टचा आकडा वस्तूवर किंवा मूळ ठोकळ्यावर लिहिलेल्याशी तंतोतंत जुळायला हवा. अँपिअरचा आकडा तेवढा किंवा जास्त असला तरी चालतो, कारण वस्तू हवा तेवढाच करंट ओढते. बरेच लोक याच्या नेमकं उलट करतात. अँपिअर जास्त दिसले की घाबरतात आणि व्होल्टकडे दुर्लक्ष करतात.

यात एक खाच आहे. हाताला जड लागणारा जुना ठोकळा असेल तर आत साधा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्यावर लिहिलेलं व्होल्टेज पूर्ण लोडवरचं असतं. ९ व्होल्ट लिहिलेला असा ठोकळा मोकळा मोजला तर मल्टिमीटरवर सहज १२-१३ व्होल्ट दिसतात. काही ट्रिमर या वरच्या आकड्याचा हिशेब धरूनच बनवलेले असतात. तिथे नवा, हलका आणि नेमके लिहिलेले व्होल्ट देणारा ठोकळा लावला की चार्जिंग रेंगाळतं. म्हणून मूळ ठोकळा जड होता की हलका हे आठवून बघा. ४.३ किंवा ३.६ असा अडनिडा आकडा दिसला, तर त्या ठोकळ्याची आणि त्या वस्तूची जोडी ठरवूनच बनवलेली आहे असं मी समजतो आणि पर्यायाच्या फंदात पडत नाही.

गोल पिनची आणखी एक खोड आहे. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असलेल्या पिनमध्ये आतलं भोक कधी २.१ तर कधी २.५ मिलिमीटरचं असतं. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटमध्ये जातच नाही, पण २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये सैल बसते. वायर हलवली की चार्जिंग तुटतं, पुन्हा हलवली की सुरू होतं. अशा वेळी वायर तुटली असेल असं वाटतं, पण दोष मापाचा असतो. आणि ध्रुव तपासायला विसरू नका. मल्टिमीटरची लाल काडी पिनच्या भोकात, काळी बाहेरच्या कड्यावर धरा. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर आतला भाग ऋण आहे. मूळ ठोकळ्यावर गोलाच्या चित्रात मध्ये अधिक दाखवलेलं असेल, तर हा ठोकळा बाजूला ठेवा.

शेव्हर: पाण्याशेजारी वापरायची वस्तू

शेव्हरचे ठोकळे बऱ्याचदा १२ किंवा १५ व्होल्टचे असतात. आत एकच लिथियम सेल असताना १५ व्होल्ट कशाला, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. ५.४ वॉट ५ व्होल्टने पाठवायचे तर १ अँपिअरहून थोडा जास्त करंट लागतो. १५ व्होल्टने पाठवले तर ०.३६ अँपिअर पुरतो. करंट कमी म्हणजे बारीक, लवचीक, गुंडाळीची वायर चालते, आणि पिनच्या टोकाशी उष्णताही कमी होते. व्होल्टेज खाली आणायचं काम शेव्हरच्या आतलं सर्किट करतं. म्हणून अशा शेव्हरला ५ व्होल्टची वायर जुगाड करून लावली तरी तो दाद देत नाही.

दुसरं कारण सुरक्षेचं. शेव्हर आणि केस कापायच्या यंत्रांसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-८. तोंडाच्या स्वच्छतेच्या उपकरणांसाठी आयईसी ६०३३५-२-५२ आहे. ओल्या हातांनी वापरायची वस्तू, म्हणून तिला वीज देणारा ठोकळा मेन्सपासून पक्का तोडलेला असावा लागतो. सोबत दिलेलाच ठोकळा वापरा, ही माहितीपत्रकातली ओळ त्यातूनच येते. तिच्यामुळे कंपनीचे सुटे भागही खपतात हे खरं आहे, पण म्हणून ती ओळ खोटी ठरत नाही.

काही शेव्हरचं सॉकेट दोन भोकांचं असतं आणि रेडिओच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या मेन्स वायरसारखं दिसतं. बारकाईने पाहिलं तर त्याच्या कडेला खाच असते किंवा आकार किंचित वेगळा असतो. ती खाच मुद्दाम ठेवलेली आहे. तिथे १२ व्होल्ट अपेक्षित असतात, आणि आठाची मेन्स वायर जोर लावून खुपसली तर थेट भिंतीतली वीज शेव्हरमध्ये जाते. जुन्या काही शेव्हरना खरोखरच मेन्स चालायची, त्यामुळे घरात दोन्ही प्रकार असतील तर घोटाळा होतो. वस्तूच्या तळाशी इनपुट काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आठाची वायर लावू नका.

शेव्हर चार्ज होणं थांबला की मी आधी सॉकेटमध्ये टॉर्च मारतो. ओला शेव्हर तसाच चार्जिंगला लावला की पाणी आणि व्होल्टेज मिळून पिनचं धातू खातात, आणि अधिक बाजूच्या पिनवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने तो निघतो, आणि माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच शेव्हरचा आजार तिथेच बरा झाला. ओल्या-कोरड्या दोन्ही पद्धतींनी वापरायचे बरेच शेव्हर वायर लावलेली असताना सुरूच होत नाहीत. तो बिघाड नव्हे. वायर लावून कुणी पाण्याखाली धरू नये म्हणून तसं केलेलं असतं.

टूथब्रश: भोकच नाही

ब्रशचं कोडं सगळ्यात सोपं आहे. रोज पाण्यात आणि पेस्टच्या फेसात भिजणाऱ्या दांड्याला भोक ठेवायचंच नाही, हा निर्णय. स्टँडवर जो खुंटा असतो त्यात फेराइटभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल असते, आणि ब्रशच्या तळाच्या पोकळीभोवती दुसरी. एकीतून दुसरीत चुंबकीय क्षेत्राने वीज जाते. वीज थोडीच जाते, म्हणून ब्रश भरायला कित्येक तास लागतात.

मोबाइलच्या वायरलेस पॅडवर ब्रश ठेवून बघणारे बरेच भेटतात. तो चार्ज होणार नाही. पॅड चपट्या कॉइलचा, ब्रश खुंट्यावर बसायचा, त्यामुळे दोन कॉइल नीट जुळतच नाहीत. शिवाय पॅड आधी थोडी वीज सोडून बघतो की समोरचं यंत्र ठरलेल्या भाषेत उत्तर देतंय का. उत्तर आलं नाही की तो थांबतो, आणि ब्रशला ती भाषा येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या स्टँडवरही खुंट्याचं माप आणि कॉइलची फ्रिक्वेन्सी जुळेलच असं नाही.

ब्रश भरत नसेल तर तळाची पोकळी आणि खुंटा दोन्ही धुऊन कोरडे करा. सुकलेल्या पेस्टचा थर ब्रशला मिलिमीटरभर वर उचलतो आणि तेवढ्यानेही वीज कमी पोचते. प्रवासात स्टँड नेणार असाल तर त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय की फक्त २२० ते २४०, ते वाचा.

स्पीकर: सी पोर्ट आहे, तरी सी वायरने चार्ज होत नाही

हल्ली सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. स्पीकरला किंवा नव्या ट्रिमरला टाइप-सी पोर्ट आहे. मोबाइलच्या चार्जरमधून सी-टू-सी वायर लावली की दिवासुद्धा लागत नाही. जुन्या चार्जरमधून ए-टू-सी वायर, म्हणजे एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली वायर, लावली की लगेच चार्ज होतो. लोक चार्जर बदलतात, वायर बदलतात, स्पीकर परत करतात.

ए प्रकारच्या पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. सी पोर्टचं तसं नाही. समोर वीज घेणारं यंत्र जोडलंय हे कळेपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही. ते कळतं सीसी नावाच्या दोन टोकांवरून. घेणाऱ्या यंत्राने त्या प्रत्येक टोकापासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलो-ओहमचा एक रेझिस्टर लावायचा असतो. चार्जरला तो दिसला की ५ व्होल्ट सुरू होतात. पण बऱ्याच स्वस्त वस्तूंमध्ये जुन्या मायक्रो सॉकेटच्या जागी सी सॉकेट बसवलं जातं आणि हे दोन रेझिस्टर टाकलेच जात नाहीत. मग चार्जरच्या दृष्टीने वायरच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसतं.

ओळखायची रीत सोपी आहे. ए-टू-सी वायरने चालतंय आणि सी-टू-सी वायरने मुळीच नाही, तर रेझिस्टर नाहीत. सी-टू-सी वायर एका बाजूने खोचल्यावर चालते आणि उलटी केल्यावर नाही, तर दोनपैकी एकच रेझिस्टर आहे किंवा सोल्डर सुटलं आहे. सी-टू-सी वायर सुलटी-उलटी दोन्हीकडून चालते पण मधूनच तुटते, तर सॉकेटमध्ये कचरा आहे.

माझ्याकडच्या स्पीकरला मी खरंच दोन रेझिस्टर बसवले. सॉकेटची सीसीची दोन टोकं शोधून प्रत्येकापासून ग्राउंडला एकेक ५.१ किलो-ओहम. दोन्ही टोकं एकत्र जोडून एकाच रेझिस्टरवर भागवू नका. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या बोर्डमध्ये हीच चूक झाली होती, आणि आत चिप असलेल्या काही सी वायरींनी तो बोर्ड सुरूच व्हायचा नाही. पुढच्या आवृत्तीत ती सुधारली गेली.

सोल्डरिंग नको असेल तर आणखी एक उपाय आहे. एका टोकाला सी पिन आणि दुसऱ्या टोकाला ए सॉकेट असलेला छोटा ओटीजी ॲडॉप्टर घ्या. तो चार्जरच्या सी पोर्टमध्ये खोचा आणि त्याच्या ए सॉकेटमध्ये नेहमीची ए-टू-सी वायर लावा. त्या ॲडॉप्टरच्या सी पिनमध्ये हवा तो रेझिस्टर आधीच असतो. चार्जरला तो दिसतो, ५ व्होल्ट सुरू होतात, आणि स्पीकर चार्ज होऊ लागतो. मोठ्या वॉटचा चार्जर असला तरी भीती नाही. वस्तूने मागितल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि या वस्तूला मागता येतच नाही.

मोठ्या स्पीकरचं गणित वेगळं आहे. मोठ्या आवाजाला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून त्यांच्यात दोन लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर ते ८.४ व्होल्टवर जातात. ५ व्होल्टने ते भरायचे तर आत व्होल्टेज चढवणारं सर्किट घालावं लागतं. ते टाळायचं म्हणून कंपनी सरळ १२ किंवा १५ व्होल्टचा गोल पिनचा ठोकळा देते. अशा स्पीकरला सी चार्जरवर आणणारी ट्रिगर वायर मिळते, जी चार्जरकडून ठरावीक व्होल्टेज मागून घेते. १५ व्होल्टचा स्पीकर असेल तर ती बरी चालते. १२ व्होल्टचा असेल तर सावध राहा. सी चार्जर ज्या नियमाने व्होल्टेज बदलून देतो, त्या पॉवर डिलिव्हरीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत, १२ देणं चार्जरवर बंधनकारक नाही. १२ मिळाले नाहीत तर काही ट्रिगर वायरी ९ वर समाधान मानतात आणि स्पीकर अर्धवट चार्ज होतो. वायर लावल्यावर पिनवर मल्टिमीटरने १२ दिसल्याशिवाय ती स्पीकरला जोडू नका.

नव्या स्पीकरमध्ये हा प्रश्न कमी होत जाईल. युरोपियन संघाचा २०२२/२३८० हा निर्देश २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, आणि त्याच्या यादीत मोबाइल, हेडफोनसोबत पोर्टेबल स्पीकरही आहेत. शेव्हर, ट्रिमर आणि टूथब्रश त्या यादीत नाहीत. हा निर्देश रेडिओ उपकरणांच्या कायद्यात केलेली दुरुस्ती आहे. ब्लूटूथमुळे स्पीकर रेडिओ उपकरण ठरतो, साधा शेव्हर ठरत नाही. एकाच घरातल्या चार वस्तूंपैकी एकच सी पोर्टकडे का सरकली याचं हे एक मोठं कारण आहे.

वडिलांच्या ट्रिमरला मी दोन नवे सेल बसवले आणि ५ व्होल्टचा ठोकळा दिला. ठोकळ्याच्या वायरीला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं आहे: «ट्रिमर, ५ व्होल्ट, आत अधिक, आठ तास».